डायलिसिस किंवा फिजिओथेरपीसाठी ठरावीक दिवशी कामावरून लवकर जाण्याची परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

डायलिसिस सुरू झालेला कर्मचारी बहुधा सुरुवातीचे काही आठवडे दर वेळी वेगळा रजेचा अर्ज देतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वरिष्ठ वैतागतात, शिल्लक रजा झपाट्याने कमी होते आणि हजेरीच्या नोंदीत तो माणूस वारंवार गैरहजर राहणारा ठरतो. अशा उपचारासाठी सुट्या सुट्या रजा मागण्याऐवजी आठवड्याचे निश्चित वेळापत्रक पुढे ठेवून एकदाच, ठरावीक मुदतीची परवानगी मागावी.

अशी परवानगी कोणाला मागता येते, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या सेवाशर्तींत किंवा रजेच्या नियमावलीत असते. अर्ज लिहिण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. वैद्यकीय कारणासाठी तुकड्या-तुकड्याने रजा घेता येते का, रजा तासांत मोजली जाते की किमान अर्ध्या दिवसाची धरली जाते, आणि परिवीक्षाधीन किंवा कंत्राटी कर्मचाऱ्याला ही सोय लागू आहे का. यांपैकी दुसरा प्रश्न बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि हिशेबाचा खरा फरक तिथेच पडतो.

अर्जाआधी डायलिसिस केंद्राकडून आपली वेळ लेखी स्वरूपात घ्यावी. रक्ताचे डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी सुमारे चार तास चालते. केंद्रे रुग्णांची विभागणी सोमवार-बुधवार-शुक्रवार आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा दोन गटांत आणि दिवसाच्या दोन-तीन पाळ्यांत करतात. कामाचा आठवडा सोमवार ते शुक्रवार असेल तर दुसऱ्या गटात कामाचे तीनऐवजी दोनच दिवस अडतात. पाळीचेही असेच आहे. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरणे, पायात गोळे येणे आणि गळून जाणे हे नेहमीचे असते. सकाळची पाळी आटोपून दुपारी कामावर रुजू होण्याचे आश्वासन कागदावर चांगले दिसते, पण ते बहुतेकांना पाळता येत नाही. दुपारची उशिराची पाळी मिळाली तर थकव्याचे तास घरी जातात. हवी ती पाळी पहिल्या दिवशी मिळेलच असे नाही. तोवर मिळालेल्या वेळेवर अर्ज करावा आणि पाळी बदलल्यास सुधारित वेळापत्रक देऊ, असे त्यातच लिहावे.

एक उदाहरण घेऊ. लेखा विभागातील एका कर्मचाऱ्याची कामाची वेळ सकाळी 9.30 ते संध्याकाळी 6 आहे आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वगळता दिवसाचे काम 8 तासांचे भरते. त्याला मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी 3 ची पाळी मिळाली आहे. वजन, रक्तदाब आणि सुया लावणे यात सुरुवातीची काही मिनिटे जातात, त्यामुळे प्रत्यक्ष डायलिसिस साधारण 3.15 ते 7.15 चालते. केंद्रापर्यंतचा प्रवास अर्ध्या तासाचा असल्याने त्याला मंगळवारी आणि गुरुवारी 2.30 ला निघावे लागते. म्हणजे दर वेळी साडेतीन तास आणि आठवड्याला 7 तास बुडतात. सहा महिन्यांच्या, म्हणजे 26 आठवड्यांच्या मुदतीत हे 182 तास होतात, म्हणजे पावणेतेवीस दिवस. याच गैरहजेरीला प्रत्येकी अर्धा दिवस धरला तर 26 दिवस लागतात आणि पूर्ण दिवसाची रजा टाकली तर 52. म्हणून रजा तासांत मोजावी ही विनंती अर्जात स्पष्ट शब्दांत असावी आणि तिच्याखाली हा हिशेब मांडलेला असावा.

याच कर्मचाऱ्याने सोमवारी आणि बुधवारी प्रत्येकी एक तास जादा थांबण्याची तयारी दाखवली तर आठवड्याची तूट 7 वरून 5 तासांवर येते. सगळे तास भरून देऊ, असे मात्र लिहू नये. रक्तातले क्षार आणि अंगात साचलेले पाणी यांमुळे डायलिसिसच्या आदल्या दिवशीही अशक्तपणा किंवा धाप जाणवू शकते आणि दिलेला शब्द मोडला की पुढची प्रत्येक मागणी संशयाने पाहिली जाते.

अर्जाचा मुख्य मजकूर असा लिहिता येईल: ‘मला दर मंगळवारी व गुरुवारी दुपारी 2.30 वाजता कामावरून निघण्याची परवानगी (अमुक) तारखेपासून 26 आठवड्यांसाठी मिळावी. मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी मी डॉक्टरांचे नवे प्रमाणपत्र सादर करीन. केंद्राने वेळ बदलल्यास शक्य तितक्या लवकर लेखी कळवीन.’ त्यानंतर त्या दोन दिवशी 2.30 नंतर तातडीचे काम कोण पाहील आणि महिनाअखेरचे हिशेब कोणत्या दिवशी पूर्ण होतील, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. अर्ज मंजूर करणारा अधिकारी बहुधा हाच परिच्छेद आधी वाचतो.

सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि केंद्राचे वेळेचे पत्र जोडावे. प्रमाणपत्रात उपचाराचे नाव, आठवड्यातून किती वेळा, दर वेळी किती तास, अंदाजे किती काळ आणि ठरलेला उपचार चुकवणे धोक्याचे आहे, एवढे असले की बहुतेक ठिकाणी काम भागते. तपासण्यांचे अहवाल नियमात मागितले नसतील तर जोडू नयेत, कारण ते कोणाकोणाच्या हाती जातील हे आपल्या हातात राहत नाही. मूत्रपिंडाचा आजार दीर्घकालीन असेल तर डॉक्टर शेवटची तारीख देत नाहीत आणि ‘अनिश्चित काळासाठी’ या शब्दांवर अर्ज अडकतो. त्याऐवजी ‘सहा महिन्यांनी फेरतपासणी’ असे लिहून घ्यावे. अर्जाची तारखेसह पोच घ्यावी आणि मंजुरी लेखीच मागावी. तोंडी होकार वरिष्ठ बदलले की संपतो.

फिजिओथेरपीचा अर्ज याच धर्तीवर करता येतो, पण त्यात दोन फरक आहेत. एक म्हणजे बैठकी सहसा तासाभराच्या आत आटोपतात आणि हलवता येतात, म्हणून दिवसाच्या सुरुवातीची किंवा शेवटची वेळ मागणे सोपे जाते. दुसरे म्हणजे सुधारणा होईल तशा बैठकी कमी होतात. पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, नंतर दोनदा, असे उतरते वेळापत्रक उपचारकाकडून लिहून घेतले तर एकूण तास कमी दिसतात आणि मंजुरी लवकर मिळते.

डायलिसिसमध्ये अशी लवचीकता नसते. दोन उपचारांमधले अंतर वाढले की रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे ‘कामाची निकड असल्यास वेळ पुढे ढकलीन’ असे कबूल करू नये. फार तर, केंद्रात दुसरे यंत्र मोकळे असेल आणि डॉक्टरांनी संमती दिली तर एखादा दिवस बदलू, इतकेच लिहावे. उलट बाजूने एक अपवाद आपणच नोंदवून ठेवावा. हातातली फिस्टुला बंद पडली किंवा कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला तर वेळापत्रकाबाहेर अचानक जावे लागते आणि ती गैरहजेरी या परवानगीत धरली जात नाही. तिच्यासाठी वेगळी वैद्यकीय रजा टाकावी लागेल, हे अर्जात आधीच नमूद असले की त्या दिवशी कोणाला नव्याने समजावत बसावे लागत नाही.

मंजुरीनंतर दर वेळी केंद्राकडून आल्या-गेल्याच्या वेळेची चिठ्ठी घ्यावी आणि महिनाअखेरीस त्या एकत्र जमा कराव्यात. हजेरीच्या नोंदीत ते तास कोणत्या खात्यावर टाकले आहेत, हे पहिल्याच महिन्याच्या पगारपत्रकावरून तपासावे. साडेतीन तासांऐवजी अर्धा दिवस कापला गेला असेल तर मंजुरीपत्राची प्रत लावून त्याच महिन्यात दुरुस्ती मागावी.