पाइपच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब का जातं?

माझी भाची मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आठवडाभर आधी तिने मला फ्लुइड मेकॅनिक्सच्या स्लाइड्स पाठवल्या आणि खाली एकच ओळ लिहिली होती: ‘मामा, या तीन स्लाइड्स एकमेकींशी भांडतायत.’

पहिल्या स्लाइडवर स्थिर पाण्याचा दाब होता, `p = ρgh`. दुसरीवर सातत्य समीकरण, म्हणजे कंटिन्युइटी, `A1V1 = A2V2`. तिसरीवर बर्नोली: `p/ρg + V²/2g + z` ही बेरीज पाइपभर सारखी राहते. तिचं म्हणणं असं होतं की तिसऱ्या स्लाइडप्रमाणे वेग वाढला की दाब कमी व्हायला हवा. पण बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला, तर पाणी जोरात जातं आणि अंगठ्याला दाबही जास्त लागतो. मग बर्नोली खोटा की अंगठा?

दोघंही खरे आहेत. पण ते कळायला आकडे हातात घ्यावे लागतात, म्हणून मी तिला तिच्याच इमारतीची टाकी घ्यायला सांगितली. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी अंगणातल्या पाइपच्या तोंडापेक्षा 10 मीटर उंच धरू. टाकीपासून तोंडापर्यंत सगळा मिळून 30 मीटर पाइप, आतला व्यास 25 मिलिमीटर, म्हणजे आपला एक इंची.

तोंड बंद असताना पहिली स्लाइड पुरेशी आहे. 10 मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळजवळ 98 किलोपास्कल. प्लंबर याला ‘एक किलोचं प्रेशर’ म्हणतो, कारण गेजवर तो एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसतो. पाइप जाड असो, बारीक असो, दहा वळणं घेऊन आलेला असो, या आकड्यात फरक पडत नाही. उंची तेवढी मोजायची. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन खांबांवर एकाच पातळीच्या खुणा करतो, तो याच भरवशावर. नळी मध्ये कशीही लोंबकळली तरी दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येऊन थांबतं. फक्त एक अट आहे: पाणी हलत नसलं पाहिजे. परीक्षेत निम्मी मुलं घसरतात ती इथेच. पाणी वाहायला लागल्यावरही ती `ρgh` लावून मोकळी होतात.

आता दुसरी स्लाइड. पाणी दाबून मावत नाही, त्यामुळे पाइपात एका टोकाने सेकंदाला जेवढे लिटर शिरतात तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला नळ अगदी थोडा सोडा. धार खाली येताना बारीक होत जाते. तोंडाशी ती 12 मिलिमीटर जाड असेल आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने निघत असेल, तर 30 सेंटिमीटर खाली त्याचा वेग सुमारे अडीच मीटर होतो. वेग पाचपट, म्हणून धारेचं क्षेत्रफळ पाचवा भाग, आणि जाडी जेमतेम साडेपाच मिलिमीटर. पण टाकीतून खाली उतरणाऱ्या उभ्या पाइपात हे होऊ शकत नाही. तो पाइप भरून वाहतोय आणि त्याचा व्यास ठरलेला आहे, म्हणून वरच्या मजल्यावर पाण्याचा जो वेग तोच खालच्या मजल्यावर. ‘खाली येतंय म्हणजे वेग वाढत असणार’ हे भाचीने वहीत लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मग उंची गमावल्याचा मोबदला कुठे जातो? थोडा दाबात जातो आणि बराचसा घर्षणात. तिसरी स्लाइड हाच हिशेब मांडते.

तिसऱ्या स्लाइडमधली प्रत्येक संज्ञा मीटरमध्ये येते, आणि ही फार सोयीची गोष्ट आहे. टाकीने आपल्याला 10 मीटरचं भांडवल दिलंय. ते खर्चायच्या जागा तीन: दाब, वेग आणि घर्षण. स्लाइडवर बर्नोलीच्या ओळीत घर्षण नव्हतं; ते दोन स्लाइड्स पुढे `h_L` म्हणून येतं आणि तोवर विद्यार्थ्याचं लक्ष उडालेलं असतं. खऱ्या पाइपात मात्र तोच सगळ्यात मोठा खातेदार आहे. त्याचं सूत्र `h_L = f (L/D) V²/2g`. `f` हा पाइपचा घर्षण गुणांक, `L` लांबी आणि `D` व्यास. जुन्या पाइपसाठी `f` 0.025 धरला, तर 30 मीटर भागिले 0.025 मीटर म्हणजे 1200, आणि त्याला 0.025 ने गुणलं की 30. म्हणजे पाण्याच्या वेगाला जेवढं `V²/2g` लागतं, त्याच्या तीसपट घर्षण खातं. (काही पुस्तकांत `f` ऐवजी त्याचा चौथा भाग छापलेला असतो आणि सूत्रात 4 येतो. एका पुस्तकाचं सूत्र आणि दुसऱ्याचा तक्ता घेतला की उत्तर चारपट चुकतं.)

तोंड पूर्ण उघडं आहे असं धरू. टोकाला हवेचाच दाब, म्हणजे गेजवर शून्य. मग 10 मीटर = 31 गुणिले `V²/2g`. यातून वेग येतो सेकंदाला 2.5 मीटर आणि प्रवाह सुमारे 1.23 लिटर. 15 लिटरची बादली 12 सेकंदांत भरेल. त्या 10 मीटरपैकी वेगाच्या वाट्याला आले फक्त 0.32 मीटर, उरलेले 9.7 मीटर पाइपने खाल्ले. ते जातात कुठे? पाणी गरम करण्यात. पण ती वाढ एका अंशाच्या दोन-तीन शतांश भागाइतकी असते, म्हणून हाताला काही कळत नाही.

आता अंगठा. अंगठ्याचं क्षेत्रफळ मोजता येत नाही, म्हणून तोंडाला 8 मिलिमीटरचा निमुळता नोझल लावू. त्याचं क्षेत्रफळ पाइपच्या साधारण दहावा भाग होतं. भाचीने लगेच दुसरी स्लाइड लावली: क्षेत्रफळ दहावा भाग, म्हणजे वेग दहापट, सेकंदाला 25 मीटर.

मी तिला एवढंच विचारलं, 25 मीटर वेगाला भांडवल किती लागेल? तिने `V²/2g` काढलं. 32 मीटर. टाकी आहे 10 मीटरवर. टोरिचेल्लीने 1644 मध्येच सांगून ठेवलंय की घर्षण अजिबात नसेल तरी या उंचीवरून पाणी `√(2gh)` पेक्षा वेगाने निघू शकत नाही, आणि आपल्या टाकीसाठी ती मर्यादा सेकंदाला 14 मीटर आहे.

सातत्य समीकरण चुकलं का? नाही. ते एका वाहत्या प्रवाहातल्या दोन जागांची तुलना करतं. भाचीने दोन वेगवेगळ्या प्रवाहांची केली: नोझल नसतानाचा पाइप आणि नोझल असतानाचं तोंड. नोझल लावल्याबरोबर पाइपातला प्रवाहच कमी होतो, तो किती हे सातत्य सांगत नाही, ते ऊर्जेकडून घ्यावं लागतं.

म्हणून हिशेब पुन्हा मांडू. पाइपातला वेग `V`, नोझलमधला `10V`. वर्गामुळे नोझलच्या वेगाला `V²/2g` च्या शंभरपट लागतात, घर्षणाला पूर्वीसारखेच तीसपट. 10 मीटर = 130 गुणिले `V²/2g`. पाइपातला वेग आता सेकंदाला 1.23 मीटर, म्हणजे आधीच्या निम्मा. नोझलमधून पाणी निघतं 12.3 मीटर वेगाने. घर्षणाने यावेळी 2.3 मीटरच खाल्ले, कारण वेग निम्मा झाला की घर्षण चौथाईवर येतं. वाचलेले मीटर धारेच्या कामी आले. कंबरेच्या उंचीवर, जमिनीपासून मीटरभर, पाइप आडवा धरला तर पहिली धार सव्वा मीटरच्या आतच पडते आणि ही साडेपाच मीटरच्या आसपास जाते. हवेचा अडथळा धरला तर थोडी अलीकडे. बादलीला मात्र आता 25 सेकंद लागतात. अंगठा दाबून झाडांना ‘जास्त पाणी’ कुणी घालत नाही, दूर घालतो एवढंच.

आणि दाब? नोझलच्या जरा आधी गेज लावलं तर ते 0.76 किलो दाखवेल. तोंड उघडं असताना त्याच जागी जवळपास शून्य होतं. अंगठ्याला जो जोर जाणवतो तो हाच. त्या जागेपासून नोझलच्या टोकापर्यंत चार बोटांच्या अंतरात वेग दहापट होतो आणि दाब 0.76 वरून शून्यावर येतो. वेग वाढला, दाब पडला. बर्नोली जे बोलला तेच घडलं, पण एकाच प्रवाहात, एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे जाताना. भाचीचं भांडण ‘अंगठ्याआधी’ आणि ‘अंगठ्यानंतर’ या दोन वेळांमधलं होतं, आणि त्याबद्दल तिसऱ्या स्लाइडने काही म्हटलेलंच नाही.

इमारतीत ‘प्रेशर नाही’ अशी तक्रार आली की नळ बंद ठेवून गेज बघण्यात अर्थ नसतो तोही याचमुळे. पाइप आतून क्षारांनी निम्मा बुजला असला तरी बंद नळावर गेज पूर्ण एक किलो दाखवतं. नळ सोडल्यावर काटा किती पडतो त्यावरून पाइपची तब्येत कळते. तीच गोष्ट घाईत केलेल्या दुरुस्तीची. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात जातं. एक इंचीच्या मध्ये पाऊण इंचीचा तुकडा घातला, तर त्या तुकड्याचा प्रत्येक मीटर जुन्या चार मीटरइतकं खातो.

रविवारी भाचीने बादली आणि मोबाइलचा स्टॉपवॉच घेऊन खरंच मोजलं. तोंड उघडं असताना 14 सेकंद, नोझल लावून 26. माझे आकडे होते 12 आणि 25. तिला वाटलं हिशेब फसला. मी तिला 14 सेकंदांवरून उलटं जायला सांगितलं: घर्षणाचा आकडा 30 ऐवजी 40 निघाला, कारण मी सरळ पाइप धरला होता आणि वाटेतले बेंड, व्हॉल्व्ह, टाकीचं तोंड यांची किंमत धरली नव्हती. मग तोच 40 नोझलच्या हिशेबात घातल्यावर 25.8 सेकंद आले. ‘मग नोझल असताना बेंड असले-नसले तरी एवढाच फरक कसा?’ असं तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, ‘हां, 130 चे 140 झाले. आधी 31 चे 41 झाले होते.’