पानावरचे गरम जेवण (पुणे)

पळसाची पत्रावळ, केळीचे पान आणि पोफळीच्या विरीचे ताट पुण्यातल्या पंगतींत सर्रास दिसतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आल्यापासून पर्याय म्हणून यांचेच नाव घेतले जाते. तिघांनाही ‘नैसर्गिक’ म्हणतात, पण गरम आमटी वाढल्यावर तिघे सारखे वागत नाहीत.

सर्वांत दणकट विरीचे ताट. झावळीच्या बुडाचा, खोडाला वेढलेला भाग म्हणजे विरी. झाड ती आपसूक गाळते. धुऊन, भिजवून, तापल्या साच्यात दाबली की ताट तयार होते. गोंद लागत नाही, म्हणून ते निर्धोक समजले जाते. शंका मात्र झाडाबद्दलच आहे, कारण पोफळ म्हणजे सुपारीचेच झाड. सुपारीत आरेकोलिनसारखी द्रव्ये असतात आणि सुपारी चघळणे कर्करोगाला कारण ठरते, हे सिद्ध आहे. विरीतली ही द्रव्ये अन्नात उतरू शकतात, म्हणून मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही ताटे अन्नासाठी वापरू नयेत असे कळवले. एका लग्नात त्यावर जेवणे आणि रोज सुपारी चघळणे यांत अंतर आहे, हे उघड आहे. तरीही उष्णता, पाणी, आंबटपणा आणि वेळ या चारही गोष्टी द्रव्य ओढून काढतात. त्यामुळे कोरडी पुरी आणि बटाट्याची भाजी एक वेळ चालेल, पण चिंचेची कढत आमटी अर्धा तास त्यात ठेवू नये. लहान मुलांना रोज तर त्यात वाढूच नये.

केळीच्या पानावर गरम भात पडला की तिथला हिरवा रंग काळपट होतो. ते विष नव्हे, उष्णतेने हरितद्रव्य बदलते इतकेच. खरी काळजी फवारणीची. करपा रोगासाठी बागेत बुरशीनाशक अनेकदा खनिज तेलात मिसळून मारतात, आणि पानाच्या मेणचट थरावरून नुसते पाणी मोत्यांसारखे घरंगळते. म्हणून ओल्या फडक्याने शिरेपासून कडेकडे, दोन्ही बाजू पुसाव्यात. पान फाटत असेल तर आधी आचेवरून फिरवावे.

चोयांनी टाचलेली पत्रावळ सांध्यांतून गळते. म्हणूनच भाताचे आळे करून त्यात आमटी ओतायची रीत. धूळ आणि किडे याच सांध्यांत दडतात, तेव्हा पत्रावळ उजेडाकडे धरून पाहावी. टाचायला चोयांऐवजी तारेच्या पिना असतील तर घेऊच नये, त्या घासात येतात. यंत्रावर दाबलेल्या चकचकीत पत्रावळीचा तुकडा दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. पातळ पारदर्शक पापुद्रा सुटला तर ते प्लॅस्टिक आहे.

पावसाळ्यात गठ्ठ्यातल्या विरीवर काळे-हिरवे ठिपके उमटतात आणि कुबट वास येतो. असे ताट पुसून उपयोग नाही, बुरशी धाग्यांत शिरलेली असते. ते सरळ टाकावे.