चुना, सोलकढी आणि निकोटीनची गोळी

“तंबाखू सोडायला निकोटीनचीच गोळी? मग सुटलं काय?” हर्णै बंदरावर एका खलाशाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. सवय लावतं ते निकोटीनच. पण तोंडाचा कॅन्सर होतो तो मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसामीनांमुळे, आणि ती पान वाळवताना, आंबवताना तयार होतात. मशेरीसाठी तंबाखू तव्यावर भाजली की बेंझोपायरीनसारखी जळकी द्रव्यंही त्यात भरतात. मशेरीने दात घट्ट होतात हा आपल्याकडचा समज साफ खोटा आहे. तिने हिरड्या मागे सरतात.

गोळीत पान नसतं, म्हणून ही विषं जवळजवळ नसतातच. उरतं निकोटीन, आणि ते मेंदूत किती झपाट्याने पोचतं यावर व्यसनाचा जोर ठरतो. विडीच्या धुरातून ते 10 ते 20 सेकंदांत पोचतं. गालाच्या आतून जायला मिनिटं लागतात, आणि तिथे आम्ल-अल्कलीचा खेळ चालतो.

निकोटीन अल्कधर्मी आहे. आम्लात त्याच्या रेणूवर विद्युतभार चढतो आणि भारित रेणू गालाच्या पेशींचा स्निग्ध पडदा सहज ओलांडत नाही. सामू 8 च्या आसपास असला तर साधारण निम्मे रेणू भाररहित असतात, 9 ला नव्वद टक्के, 6 ला जेमतेम एक टक्का. तंबाखूत चुना मळतात तो यामुळेच लागू पडतो. गोळीतही सोडियम कार्बोनेटसारखा क्षार असतो, पण निकोटीन 2 किंवा 4 मिलिग्रॅमच, आणि गोळी विरघळायला 20 ते 30 मिनिटं घेते.

त्या खलाशाची तक्रार होती की गोळीने तलफ भागतच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की तो जेवून सोलकढी प्यायला की लगेच गोळी तोंडात टाकायचा, वर ती चावायचा. कोकमाच्या आंबटपणाने लाळेचा सामू खाली येतो. चावलेल्या गोळीतलं निकोटीन पोटात जातं आणि त्यातलं बरंचसं यकृत मोडून टाकतं. कोकम, चहा, लिंबू यांनंतर 15 मिनिटं थांबायचं, गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, अधूनमधून बाजू बदलायची. उचकी किंवा मळमळ सुरू झाली तर बहुधा गोळी चावली किंवा गिळली जात आहे.

पाऊचचं मात्र वेगळं आहे. ओठाखाली ठेवायच्या या पांढऱ्या पुडीतही पान नसतं, म्हणून कॅन्सरकारी द्रव्यं तंबाखूपेक्षा खूपच कमी. पण काही पुड्यांत 10 मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन असतं, वर सामू चढवणारा क्षारही. तंबाखू कधीच न खाल्लेल्या पोराला त्या नव्याने सवय लावू शकतात. काही वर्षांपूर्वीच बाजारात आल्याने त्यांच्या दीर्घकालीन वापराची माहितीही थोडी. ‘तंबाखूमुक्त’ या जाहिरातीचा अर्थ ‘व्यसनमुक्त’ असा होत नाही.

गोळीचा डोस उतरता असतो. पहिले 6 आठवडे दर 1 ते 2 तासांनी एक, पुढचे 3 आठवडे दर 2 ते 4 तासांनी, शेवटचे 3 आठवडे दर 4 ते 8 तासांनी, आणि मग बंद. गरोदर बाई किंवा हृदयरोगी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, कारण निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं.