एक हजार एकचा ताळा

विभाज्यतेच्या कसोट्या शिकताना २, ३, ५, ९ यांचं काम चुटकीसरशी होतं. अकराचीही कसोटी पाठ असते. सात आला की मात्र गाडी अडते, आणि तेराचं तर कोणी नावच काढत नाही. खरं म्हणजे ७, ११ आणि १३ या तिघांना एकाच हिशोबात उरकता येतं, आणि हा हिशोब नुसतं ‘भाग जातो’ किंवा ‘जात नाही’ एवढं सांगून थांबत नाही. बाकी किती उरते तेही तो सांगतो. मला ही कसोटी आवडते ती या दुसऱ्या गुणासाठी.

सगळी करामत एका गुणाकारात आहे: ७ × ११ × १३ = १००१. एक हजार एकला या तिघांनी भाग जातो, म्हणजे १००० ही संख्या तिघांच्याही पटीपेक्षा बरोबर एकाने कमी आहे. बाकीच्या हिशोबापुरतं १००० च्या जागी उणे १ लिहिलं तरी चालतं.

८६४१९७५३ ही संख्या घेऊ. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे: ७५३, मग ४१९, आणि उरले ८६. लाख-कोटींचे स्वल्पविराम ८,६४,१९,७५३ असे पडतात. ते इथे बाजूला ठेवायचे. आता उजवीकडच्या पहिल्या गटातून दुसरा वजा करायचा, तिसरा मिळवायचा, चौथा असता तर पुन्हा वजा.

७५३ − ४१९ + ८६ = ४२०

आठ अंकी संख्येची आता तीन अंकी झाली. ४२० ला सातने निःशेष भाग जातो, म्हणून मूळ संख्येलाही जातो. ४२० ला ११ ने भागल्यावर बाकी २ उरते आणि १३ ने भागल्यावर ४. मूळ संख्येच्या बाक्याही याच: २ आणि ४. वाटल्यास पूर्ण भागाकार करून बघा.

असं का होतं? संख्या उलगडून लिहिली की लगेच दिसतं:

८६ × १०००००० + ४१९ × १००० + ७५३

हजाराच्या जागी १००१ − १ लिहू. दहा लाख म्हणजे ९९९९९९ + १, आणि ९९९९९९ म्हणजे ९९९ × १००१. तेव्हा ८६ गुणिले दहा लाख यात १००१ ची एक मोठी पट आहे आणि वर ८६ शिल्लक. ४१९ हजारांत १००१ च्या ४१९ पटी आहेत, पण त्यात ४१९ कमी पडतात. पटी सोडून दिल्या की हातात राहतात ८६, उणे ४१९ आणि ७५३. पुढे अब्ज म्हणजे १००१ ची एक पट उणे १, त्यापुढे पुन्हा अधिक १. चिन्हं आलटून पालटून येतात ती यामुळेच. आपण जे टाकून दिलं ते सगळं १००१ च्या पटीतलं होतं, त्यामुळे ७, ११, १३ यांपैकी कोणाचीही बाकी बदलायचं कारण नाही.

सातसाठी एक दुसरी कसोटी बऱ्याच जणांना माहीत असते: शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करायचा. ती बरोबरच आहे, पण तिच्यात बाकी टिकत नाही. १५ ला सातने भागल्यावर १ उरतो. या रीतीने १५ चे १ − १० म्हणजे उणे ९ होतात, आणि सातच्या हिशोबात त्याची बाकी ५ येते. भाग जातो का, एवढ्याचं उत्तर तिथे मिळतं. शिवाय आठ अंकी संख्येला ती एकेक अंक कमी करत नेते, तर आपली रीत एका फटक्यात तीन अंकांवर आणते.

उरलेल्या तीन अंकांवर घोकलेले पाढे चालवता येतात, पण त्याहून सोपी वाट आहे. शतकाचा अंक वेगळा काढा आणि मागचे दोन अंक एक संख्या म्हणून ठेवा. सातसाठी शतकाच्या अंकाची दुप्पट त्या दोन अंकी संख्येत मिळवा, अकरासाठी तो अंक आहे तसाच मिळवा, तेरासाठी त्याची चौपट वजा करा. कारण १०० ला सातने भागलं की २ उरतात, अकराने भागलं की १, आणि तेराच्या पटीपेक्षा, म्हणजे १०४ पेक्षा, १०० चाराने कमी आहे. ४२० साठी सातचं उत्तर ८ + २० = २८, अकराचं ४ + २० = २४, तेराचं २० − १६ = ४. पहिल्यात सातचा भाग गेला, दुसऱ्यात अकराची बाकी २, तिसऱ्यात तेराची ४. मघाच्याच बाक्या.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक म्हणजे गट डावीकडून पाडणं. ८६४, १९७, ५३ असे गट केले तर ५३ − १९७ + ८६४ = ७२० येतात, आणि ७२० ला सातने भाग जात नाही. गटाची किंमत हजाराच्या घातांशी बांधलेली असते, म्हणून एककाच्या बाजूनेच मोजायला हवं. दुसरी चूक उत्तर ऋण आलं की होते. २९५८११६ चे गट ११६, ९५८ आणि २. त्यांचा हिशोब ११६ − ९५८ + २ = −८४०. ८४० ला सातने भाग जातो, तेव्हा तिथे अडचण नाही. पण ८४० ला ११ ने भागून ४ उरले म्हणून बाकी ४ असं लिहिलं, तर ते चूक. ऋण उत्तरात सरळ १००१ मिळवा: −८४० + १००१ = १६१. आता १६१ ला ११ ने भागा, बाकी ७. मूळ संख्येची खरी बाकी तीच. उत्तर नेमकं शून्य आलं तर तिघांचाही भाग जातो; ५०४५०४० घेतली तर ४० − ४५ + ५ = ० होतात.

बाकी टिकते म्हणून या रीतीने गुणाकाराचा ताळाही घेता येतो, आणि तो नवाच्या ताळ्यापेक्षा कडक असतो. १२३४५६७९ × ७ चं उत्तर ८६४१९७५३. लिहिताना मधले दोन अंक उलटे पडून ८६४९१७५३ झालं, तर अंकांची बेरीज तीच राहते आणि नवाचा ताळा ते बिनदिक्कत पास करतो. आपल्या रीतीने मात्र ७५३ − ४९१ + ८६ = ३४८ येतात. सातने भागलं की ५ उरतात, आणि सातने गुणलेल्या संख्येत बाकी उरणं शक्यच नाही.

शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले की संख्येत फरक पडतो तो त्या दोन अंकांच्या वजाबाकीला ९ ने आणि मग दहाच्या एखाद्या घाताने गुणून येणारा. वजाबाकी ७ असेल, उदाहरणार्थ १ आणि ८ अदलाबदल झाले असतील, तर एकट्या सातचा ताळा ती चूक सोडून देईल. पण अकरा किंवा तेराचा ताळा सोडणार नाही, कारण ९ पर्यंतच्या अंकात, नवात आणि दहाच्या घातात ११ किंवा १३ हा अवयव येतच नाही. म्हणून तिन्ही बाक्या बघाव्यात. ज्याला हा ताळाही फसतो अशी चूक म्हणजे एकाआड एक असलेले अख्खे गट अदलाबदल होणं. ८६४१९७५३ ऐवजी ७५३४१९०८६ लिहिलं, तर ८६ − ४१९ + ७५३ पुन्हा ४२०च.