स्वागत पाहुण्यांचं, परिचय श्रोत्यांसाठी

पुण्यात कुठल्याही विभागात चर्चासत्र असलं की कार्यक्रमपत्रिकेवर ‘स्वागत व परिचय’ असं एकाच ओळीत छापलेलं असतं. बहुतेक वेळा दोन्ही एकच माणूस करतो, त्यामुळे ती एकच गोष्ट वाटते. पण दोन्हींची तोंडं वेगळ्या दिशांना असतात. स्वागत आपण पाहुण्यांशी बोलतो. परिचय पाहुण्यांबद्दल असला, तरी बोलायचं असतं श्रोत्यांशी.

मराठीत हा फरक सर्वनामातच दिसतो. ‘मॅडम, आपण मुंबईहून पहाटे निघून आलात, विभागातर्फे आपलं मनापासून स्वागत’ हे स्वागत. ‘त्या गेली बारा वर्षं भूजलावर काम करतात’ हा परिचय. घोळ होतो तो ‘आपण’ तसाच पुढे ओढल्यामुळे. ‘आपण पीएचडी केलीत, आपण विभागप्रमुख झालात’ असं बाईंकडे बघून सांगायला लागलं, की त्यांचंच आयुष्य त्यांनाच ऐकवणं होतं. त्या मान खाली घालून बसतात आणि सभागृहातली मुलं परक्यांचं बोलणं ऐकल्यासारखी ऐकतात. त्यात आपल्याकडे ‘आपण’चा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. ‘या प्रकल्पात आपला सहभाग होता’ म्हणजे नक्की कोणाचा, बाईंचा की विभागाचा? म्हणून स्वागत संपलं की एक श्वास घ्यावा, मान श्रोत्यांकडे वळवावी आणि ‘आजच्या वक्त्या’ अशी नवी सुरुवात करावी. तिथून पुढे ‘त्या’च.

स्वागताला फार तर एक मिनिट. कोणाच्या वतीने स्वागत, पाहुण्या कुठून आल्या, आणि त्यांनाच का बोलावलं याचं एक खरं कारण. रोप किंवा शाल-श्रीफळ द्यायचं तर इथेच द्यावं. परिचय मात्र व्याख्यानाला अगदी चिकटून असावा. परिचय झाल्यावर प्राचार्यांचं मनोगत, मग स्मरणिकेचं प्रकाशन असं झालं, तर वक्त्या उभ्या राहीपर्यंत लोक परिचय विसरलेले असतात.

परिचयाचं खरं काम म्हणजे निवड. पाहुण्यांनी पाठवलेला बायोडाटा चार पानांचा असतो, कारण तो नोकरीच्या नाहीतर अनुदानाच्या अर्जासाठी केलेला असतो. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांत अडीचशेच्या आत बसवायचं. समजा, विषय आहे ‘पुणे परिसरातील भूजल’. बायोडाट्यात पदव्या, बावीस शोधनिबंध, सहा समित्या, दोन पुरस्कार, आणि तिसऱ्या पानावर कुठेतरी विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी. मी तिसऱ्या पानापासून सुरुवात करेन:

‘आजच्या वक्त्या भूजलाच्या अभ्यासक आहेत. मुळा-मुठेच्या खोऱ्यातल्या विहिरींची पातळी त्या बारा वर्षं, दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, स्वतः जाऊन मोजतात. शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एक उन्हाळ्यात का आटते आणि दुसरी का नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.’

यानंतर सध्याचं पद, एखादा पुरस्कार, व्याख्यानाचं शीर्षक, आणि सगळ्यात शेवटी नाव. नावावर टाळ्या पडतात आणि त्या टाळ्यांत वक्त्या उठून माइकपाशी येतात. ‘बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं म्हणून असं होतं’ हे मात्र परिचयात सांगू नये. ते उत्तर आहे, आणि ते सांगायलाच त्या आल्या आहेत. विषय आपल्या आवडीचा असला की हा मोह फार होतो.

एका महाविद्यालयात मी एका सरांचं पद संस्थेच्या जुन्या माहितीपत्रकावरून वाचलं. ते पद त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं. भाषणाची पहिली दोन मिनिटं त्यांची ते दुरुस्त करण्यात गेली आणि सुरुवातीची उभारी गेली ती गेलीच. वक्ता पहिलंच वाक्य ‘एक छोटी दुरुस्ती’ असं बोलला, तर समजावं की परिचय फसला.

तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करते. ‘सध्याचं पद काय सांगू? नावाचा उच्चार कसा? लेखनात कोणतं नाव वापरता?’ तिसरा प्रश्न बाईंना हमखास विचारावा. अनेकींचे शोधनिबंध माहेरच्या नावाने असतात आणि नोकरीतलं नाव सासरचं. आपण एकच नाव सांगितलं, तर व्याख्यानानंतर त्यांचं लेखन शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अर्धंच काम लागतं. अशा वेळी परिचयात दोन्ही नावं सांगावीत, आणि शेवटी कोणत्या नावाने बोलवायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं.