आपला फंड इतर फंडांच्या मागे का दिसतो?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या एका ग्राहकाने अलीकडे पाठवलेल्या ईमेलमध्ये असे लिहिले होते: "सर, बँकेतून घेतलेल्या माझ्या फ्लेक्सीकॅप फंडाचा तीन वर्षांचा वार्षिक परतावा 12.4 टक्के आहे, आणि अ‍ॅपवर याच गटातल्या फंडांची सरासरी 16.1 टक्के दिसते. या फंडावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, पण आता रात्री झोप लागत नाही. फंड विकून टाकू का?" असाच प्रश्न इतरांच्याही मनात येत असल्यामुळे, त्यांना दिलेले उत्तर त्यांच्या संमतीने, ओळख वगळून आणि आकडे सोपे करून येथे देत आहोत.

हे 3.7 टक्क्यांचे अंतर एकाच कारणाने पडलेले नाही, म्हणून आधी त्याची फोड करावी लागते. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर' असे लिहिलेले होते, तर अ‍ॅपवरची यादी 'डायरेक्ट' योजनांची होती. रेग्युलर योजनेच्या खर्चात वितरकाचे कमिशन धरलेले असते आणि ते रोजच्या एनएव्हीतूनच वजा होत जाते. त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेचा परतावा पाहिला तेव्हा तो 13.3 टक्के निघाला. याचा अर्थ, अंतरातील 0.9 टक्क्याचा फंड व्यवस्थापकाच्या कौशल्याशी काहीही संबंध नव्हता.

उरलेल्या 2.8 टक्क्यांचे उत्तर बहुतांशी फंडाच्या गटातच दडलेले आहे. सेबीच्या वर्गवारीनुसार बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्या लार्जकॅप, 101 ते 250 मिडकॅप आणि त्यापुढच्या स्मॉलकॅप मानल्या जातात. लार्जकॅप फंडाला किमान 80 टक्के रक्कम पहिल्या 100 कंपन्यांत ठेवावी लागते; फ्लेक्सीकॅप फंडाने मात्र किमान 65 टक्के रक्कम शेअरमध्ये ठेवली की कोणत्या आकाराच्या कंपनीत किती, हे व्यवस्थापकानेच ठरवायचे असते. त्यामुळे एकाच यादीत शेजारी दिसणारे दोन फ्लेक्सीकॅप फंड स्वभावाने अगदी वेगळे असू शकतात, आणि आमच्या मते नुसत्या क्रमवारीवरून फंड बदलणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत येथेच होते.

या ग्राहकाच्या फंडात 78 टक्के रक्कम लार्जकॅपमध्ये, 12 टक्के मिडकॅपमध्ये, 4 टक्के स्मॉलकॅपमध्ये आणि बाकीची रोख होती. गटाच्या सरासरीत लार्जकॅपचा वाटा 58 टक्केच होता, मिड आणि स्मॉलकॅपचा मिळून 39. लाभांश धरून मोजलेला, म्हणजे टीआरआय निर्देशांकांचा, त्या तीन वर्षांचा परतावा लार्जकॅपसाठी 12, मिडकॅपसाठी 22 आणि स्मॉलकॅपसाठी 21 टक्के धरला, रोखीवर 6 टक्के धरले आणि प्रत्येक वाट्याला त्याने गुणले, तर फंडाच्या मांडणीतून सुमारे 13.2 टक्के आणि गटाच्या मांडणीतून सुमारे 15.6 टक्के मिळायला हवे होते. हे 2.4 टक्के केवळ मांडणीच्या फरकाचे आहेत. शेअरच्या निवडीकडे बोट दाखवता येईल असे उरले फक्त 0.4 टक्के. मांडणी दरमहा बदलत असल्याने हा हिशोब ढोबळ आहे, आणि 0.4 टक्क्याएवढ्या फरकावरून व्यवस्थापकाला नापास करता येत नाही.

मांडणी हाही व्यवस्थापकाचाच निर्णय आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या निर्णयाची दुसरी बाजू 2018 मध्ये दिसली होती: त्या वर्षी निफ्टी 50 किंचित वर राहिला, तर निफ्टीचे स्मॉलकॅप निर्देशांक चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरले. तशी घसरण ज्यांना सोसवणार नाही, त्यांच्यासाठी लार्जकॅपकडे झुकलेला फंड आजही योग्य आहे. काळजी करावी ती वेगळ्या ठिकाणी: फंड स्वतःच्या मांडणीतून अपेक्षित असलेल्या परताव्याच्याही सतत खाली राहत असेल, आणि तीन वर्षांचा काळ एकेक महिना पुढे सरकवत मोजला तरी बहुतेक वेळा हेच दिसत असेल, तर तो दोष खरोखर निवडीचा असतो.

त्या ग्राहकाला आम्ही फंड न विकण्याचा सल्ला दिला. रेग्युलर योजनेतील एसआयपी मात्र थांबवून त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेत नवी सुरू करायला सांगितली. जुनी युनिट्स लगेच हलवली नाहीत, कारण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हीसुद्धा कायद्याने विक्रीच ठरते. वर्षाच्या आतल्या युनिट्सवर अनेक फंडांत 1 टक्का एक्झिट लोड लागतो आणि नफ्यावर 20 टक्के कर बसतो. वर्षाहून जुन्या युनिट्सच्या बाबतीत, शेअर आणि इक्विटी फंडांवरील एकूण दीर्घकालीन नफा आर्थिक वर्षात 1.25 लाख रुपयांपलीकडे गेला की वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर आहे. त्यामुळे ती युनिट्स या मर्यादेत बसतील तशी दरवर्षी थोडी थोडी हलवण्याचे ठरले.

आपल्या फंडाची अशीच फोड करून हवी असल्यास सर्व फंडांचे एकत्रित स्टेटमेंट आणि आपण ज्या यादीशी तुलना केली तिचा स्क्रीनशॉट, दोन्ही सोबत पाठवावेत.