लीड्सचा कीबोर्ड, ठाण्याची बोटं

परदेशातून आणलेला कीबोर्ड आपल्या कॉम्प्युटरला जोडला की लगेच चालतो. यूएसबीची तार जगभर सारखीच आहे, विंडोज काही विचारत नाही आणि ए ते झेड सगळी अक्षरं जिथल्या तिथे उमटतात. त्यामुळे काहीतरी वेगळं आहे हे कळायला थोडा वेळ जातो. कळतं ते बहुतेक वेळा ईमेलचा पत्ता किंवा पासवर्ड टाकताना.

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या आणि घरून भाषांतराची कामं करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांचा भाऊ लीड्सहून सुट्टीला येताना त्यांच्यासाठी चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन आला. पहिल्याच दिवशी ताईंनी ईमेल लिहायला घेतला. शिफ्ट दाबून 2 दाबलं, त्या बटणावर अवतरणचिन्ह छापलेलं होतं, पण पडद्यावर आलं `@`. ज्या बटणावर `@` छापलं होतं ते दाबलं तर अवतरणचिन्ह. `#` च्या बटणातून `\` निघालं. कीबोर्ड बिघडलाय, असा निष्कर्ष घरात सगळ्यांनी काढला. कीबोर्ड मात्र ठणठणीत होता.

यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय गुंता सुटत नाही. पहिली, बटणांचा आकार आणि जागा. दुसरी, बटणांवर छापलेली चिन्हं. तिसरी, विंडोजमध्ये निवडलेली कीबोर्डची भाषा, म्हणजे मांडणी. बटण दाबल्यावर कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो त्या जागेचा एक ठरलेला क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं हे विंडोज ठरवते. बटणावर काय छापलंय हे विंडोजला माहीतच नसतं. ताईंच्या कॉम्प्युटरवर, आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरांसारखी, अमेरिकी इंग्रजीची मांडणी निवडलेली होती. ब्रिटनमध्ये `@` आणि अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकेच्या उलट आहेत. छपाई लीड्सची, अर्थ लावणारी विंडोज ठाण्याची, एवढंच झालं होतं.

छपाईचा हा घोटाळा खरं तर किरकोळ आहे. आठवडाभरात बोटं जुन्याच सवयीने टाइप करू लागतात आणि बटणांकडे कोणी बघत नाही. न बदलता येणारी गोष्ट आहे आकार, आणि पैसे देण्याआधी बघायचं ते तिथेच.

आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी घडणीचे असतात. या घडणीला अँसी म्हणतात, आणि पूर्ण लांबीच्या कीबोर्डवर तिची 104 बटणं असतात. ब्रिटन आणि युरोपातल्या बहुतेक देशांत आयएसओ घडण चालते, तिची बटणं 105. फरक एका बटणाचा, पण त्या एकासाठी जागा करायला शेजारची बटणं कापावी आणि सरकवावी लागली आहेत.

एका साध्या अक्षराच्या बटणाची रुंदी हे इथलं माप. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. याला आपण एक घर म्हणू. अक्षरांच्या तिन्ही ओळी दोन्ही घडणींत बरोबर 15 घरांच्या असतात. आता मधली ओळ मोजा. अँसीमध्ये कॅप्स लॉक 1.75 घरांचा, मग ए पासून अवतरणचिन्हापर्यंत 11 बटणं, आणि उरलेल्या 2.25 घरांत आडवा, लांब एन्टर. आयएसओमध्ये त्या 11 बटणांनंतर आणखी एक बटण येतं आणि एन्टरला उरतात 1.25 घरं. ही कमी भरून काढायला एन्टर वरच्या ओळीत चढतो आणि तिथे 1.5 घरं घेतो. म्हणून आयएसओचा एन्टर दोन ओळी उंच, वर किंचित रुंद आणि खाली अरुंद दिसतो. वरच्या ओळीत त्या जागी अँसीमध्ये `\` चं बटण असतं. तेच बटण आयएसओमध्ये खाली उतरून एन्टरच्या डाव्या बाजूला बसतं.

खालच्या ओळीत डावीकडे असाच प्रकार. अँसीचा डावा शिफ्ट 2.25 घरांचा. आयएसओमध्ये तो 1.25 घरांचा आखूड होतो, आणि त्याच्या व झेडच्या मध्ये 105 वं बटण येतं. जर्मन कीबोर्डवर या बटणावर `<` आणि `>` असतात. जर्मनला `ä`, `ö`, `ü`, `ß` यांच्यासाठी स्वतंत्र बटणं लागतात, मग नेहमीच्या चिन्हांना कुठेतरी जागा द्यावीच लागते. आयबीएमच्या ज्या कीबोर्डावरून आजची घडण आली, त्याची अमेरिकी आवृत्ती 101 बटणांची आणि युरोपीय 102 ची होती. विंडोजची बटणं नंतर आली. विंडोजच्या आतल्या नोंदींत या जादा बटणाच्या नावात आजही 102 हा आकडा आहे.

लक्षात घ्या, सव्वीस अक्षरांच्या बटणांपैकी एकही तसूभर हललेलं नाही. हललं आहे ते दोन्ही करंगळ्यांच्या वाटेवरचं सामान. इंग्रजी टाइप करणाऱ्याला त्रास होतो तो डाव्या शिफ्टचा. सवयीने करंगळी शिफ्टच्या उजव्या टोकावर पडत असेल तर तिथे आता दुसरंच बटण आहे, आणि `Mumbai` च्या जागी `\mumbai` उमटतं.

मराठी टाइप करणाऱ्याला मात्र उजवीकडे खरी अडचण येते, आणि याबद्दल कोणी सांगत नाही. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत `\` च्या बटणावर ॉ असतो, शिफ्टसह ऑ. ताई इन्स्क्रिप्टवरच काम करतात. त्यांनी व्हॉट्सअॅप वेबवर 'डॉक्टर' लिहायला घेतलं. ड उमटला, करंगळी ॉ साठी वरच्या ओळीच्या टोकाला गेली. अँसीवर तिथे ॉ आहे. या कीबोर्डवर तिथे एन्टरचा वरचा भाग आहे. नुसता 'ड' समोरच्याला जाऊन पोचला. आयएसओवर ॉ खाली आला आहे, ट च्या लगेच उजवीकडे. त्यामुळे उलटी चूकही होते: ओळ संपल्यावर ट च्या शेजारी एन्टर समजून बोट टाकलं की नवी ओळ न येता शब्दाला ॉ चिकटतो. डॉक्टर, ऑफिस, कॉलेज, बँकेतला लॉकर, दिवसभरात ॉ किती वेळा लागतो ते भाषांतर करणाऱ्याला विचारा. या एका बटणाची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, असं माझं निरीक्षण आहे. आणि ऑफिसात अँसी, घरी आयएसओ असेल तर ती सवय मोडतच नाही, रोज दोनदा बदलावी लागते. असं असेल तर मी आयएसओ घेऊ नका असंच सांगेन, कितीही चांगला आणि स्वस्त मिळत असला तरी.

घरी एकच कीबोर्ड असेल तर चित्र इतकं वाईट नाही. आयएसओ कीबोर्डवर विंडोजची अमेरिकी मांडणी ठेवली तर तिचं एकही चिन्ह हातचं जात नाही. उलट `\` दोन ठिकाणी मिळतं, एन्टरच्या डावीकडे आणि शिफ्टच्या शेजारी. म्हणजे शिफ्टशेजारचं बटण फुकट पडून असतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या प्रोग्रॅममधल्या कीबोर्ड मॅनेजरने त्यालाच डावा शिफ्ट करून टाकता येतं, आणि डाव्या करंगळीचा प्रश्न तिथेच मिटतो. उजवीकडे असा उपाय नाही, कारण एन्टर हे दोन ओळी व्यापणारं एकच बटण आहे आणि त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत.

छपाईशी जुळावं म्हणून विंडोजमध्ये ब्रिटिश मांडणी निवडायचा मोह होतो. आयएसओ कीबोर्डवर ते चालतं. पण तोच कॉम्प्युटर कधी अँसी कीबोर्डला जोडला, तर ब्रिटिश मांडणीतलं `\` ज्या बटणावर आहे ते बटणच अँसीवर नाही. मग `\` आणि `|` टाइपच होत नाहीत. लॉगिनच्या वेळी मांडणी वेगळी असेल तर `@` असलेला पासवर्डही चुकतो, आणि ठिपके दिसत असल्याने कारण कळत नाही. त्यापेक्षा इंग्लिश इंडिया मांडणी बरी. तिची अक्षरं आणि चिन्हं अमेरिकी जागांवर आहेत, शिवाय उजवा आल्ट धरून 4 दाबलं की ₹ येतो. ब्रिटिश कीबोर्डवर त्याच बटणावर `€` छापलेलं असतं.

आता विकत घेण्याबद्दल. फोटो बघताना बरेच जण फक्त एन्टर बघतात, आणि तिथे गफलत होते. जुन्या काही अँसी कीबोर्डांवर मोठा, दोन ओळी उंच एन्टर असायचा. पण तो खाली रुंद आणि वर अरुंद असतो, आयएसओच्या बरोबर उलटा, आणि त्याचा डावा शिफ्ट लांबच असतो. म्हणून आधी डावा शिफ्ट बघा. शिफ्ट आणि झेडच्या मध्ये बटण असेल तर आयएसओ, नसेल तर अँसी. वेबसाइटवरचा फोटो पुष्कळदा कंपनीने दिलेला अमेरिकी नमुन्याचा असतो, म्हणून विकणाऱ्याकडून प्रत्यक्ष वस्तूचा फोटो मागवा. 'यूके', 'नॉर्डिक', 'जर्मन' असं लिहिलेलं असेल तर आयएसओ धरून चाला. 'इंटरनॅशनल' या शब्दावर मात्र विसंबू नका: 'यूएस इंटरनॅशनल' हा साधारणपणे अँसी असतो, आणि ॲपलचा 'इंटरनॅशनल इंग्लिश' आयएसओ.

मेकॅनिकल कीबोर्डाच्या कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, बदलायची हौस असेल तर खर्च पुढेही येतो. स्वस्त कीकॅप संच बऱ्याचदा फक्त अँसीचे असतात. त्यांत दोन ओळींचा एन्टर नसतो, 1.25 घरांचा शिफ्ट नसतो आणि त्या दोघांच्या शेजारची एकेक घराची बटणंही नसतात, मग बाकी सगळा कीबोर्ड नवा आणि ती चार बटणं जुनी राहतात. बटणांखालचे स्विच काढता-घालता येणारा कीबोर्ड असला तरी घडण सहसा बदलत नाही, कारण स्विचच्या जागा सर्किट बोर्डावरच पक्क्या असतात.

युरोपातून आलेल्या जुन्या, दुरुस्त केलेल्या लॅपटॉपबाबत हाच प्रश्न जास्त टोकदार होतो. वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडवर विकणारा सांगतो, 'स्टिकर लावून देतो'. स्टिकरने छपाई झाकते, एन्टर आहे तिथेच राहतो. कीबोर्डच बदलून द्या म्हणालात तर आधी बटणांच्या भोवतीची चौकट बघा. प्रत्येक बटण वरच्या झाकणातल्या वेगळ्या खाचेतून वर येत असेल, तर आयएसओच्या झाकणात अँसीचा कीबोर्ड बसणार नाही. एन्टर आणि शिफ्टच्या खाचा वेगळ्या असतात. तिथे झाकणासकट भाग बदलावा लागतो, आणि त्याची किंमत लॅपटॉप घेण्याआधी विचारून घ्यावी. कीबोर्ड चौकटीसकट अख्खा उचलून निघत असेल तर मात्र त्याच मॉडेलचा अँसी कीबोर्ड मिळवून बसवता येतो.